आठ पावलं लांब, चार पावलं रुंद

शाळा बंद होती आणि शारीरिक शिक्षणाचा तास घरीच व्हायचा, तेव्हा मुलांनी भरलेल्या वर्कशीट्सचे फोटो एकामागून एक बघत बसले होते. दोरीवरच्या उड्या, पन्नास. पाच मीटरच्या अंतरात धावत जाऊन परत येणं, दहा वेळा. चेंडू भिंतीवर टाकून झेलणं, पंचवीस वेळा. प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण, खाली पालकांची सही. वर्कशीट तयार होऊनच आली होती, सगळ्या वर्गांना एकच. माझं काम होतं ती मुलांपर्यंत पोचवायची आणि भरून आली की तपासायची. त्यात सहावीतल्या एका मुलीचं पान आलं. तिने एकही खूण केली नव्हती. तिन्ही रकाने कोरे होते आणि पानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात तिने पेनाने खोलीचा नकाशा काढला होता. एका भिंतीला आजीची कॉट, समोर कपाट, खिडकीपाशी टेबल आणि त्यावर लिहिलेलं ‘आई (मीटिंग)’. कोपऱ्यात ‘दादा (क्लास)’. दार उघडल्यावर आत कुठपर्यंत येतं तो अर्धगोलही तिने तुटक रेषेने दाखवला होता. या सगळ्यातून मधे एक पट्टी उरली होती. त्या पट्टीत बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘मोकळी जागा. आठ पावलं लांब, चार पावलं रुंद. दादा उठला की.’

मी तिला फोन केला. पावलं म्हणजे चालताना टाकतो ती, की पावलाला पाऊल लावून? ती म्हणाली, “पावलाला पाऊल लावून, बाई. चालायला तेवढी जागाच नाहीये.” अकरा वर्षांच्या मुलीचं पाऊल साधारण बावीस सेंटिमीटरचं असतं. आठ पावलं म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास, चार म्हणजे नव्वद सेंटिमीटरही नाही. त्या पट्टीत ती पाय पसरून झोपू शकत होती, पण दोन्ही हात बाजूला पसरून स्वतःभोवती फिरू शकत नव्हती. माणसाच्या पसरलेल्या हातांची लांबी जवळपास त्याच्या उंचीइतकी भरते. एकशे चाळीस सेंटिमीटर उंचीच्या मुलीला हात पसरून एक गिरकी घ्यायची तर तेवढ्याच व्यासाचं वर्तुळ रिकामं लागतं. आणि तिच्या हातातला कागद तिला सांगत होता, पाच मीटर पळत जा आणि परत ये.

नियमाने त्या पानाला शून्य गुण. पण आलेल्या सगळ्या पानांमध्ये मुलांच्या घराबद्दल खरं काही सांगणारं तेवढं एकच पान होतं, आणि ते मला पुढे कितीतरी दिवस सोडत नव्हतं.

मैदानावर आम्ही आधी काय करायचो ते आठवत राहिलं. मुलं रांगेत यायच्या आधी मी फक्कीचा डबा घेऊन मैदान आखायचे. आखताना डोळ्यांत जाणारी ती पांढरी धूळ, ताणलेल्या दोरीखालून उमटणारी सरळ रेघ. नंतर कोणता खेळ घ्यायचा, किती मुलं एका वेळी पळतील, वाट बघणारी कुठे उभी राहतील, हे सगळं त्या रेघांवरून ठरायचं. मैदान न आखता मी एकही तास घेतला नसेल. या मुलीने घरात तेच केलं होतं. कुणी सांगितलेलं नसताना तिने आधी मैदान आखलं, आणि मग प्रामाणिकपणे कळवलं की या मैदानावर हा खेळ बसत नाही.

तेव्हापासून मी घरासाठी जे वर्कशीट करते त्याचा पहिला भाग जागा मोजण्याचा असतो. आधी भिंतीला पाठ लावून पावलाला पाऊल लावत जागेची लांबी-रुंदी मोजायची. मग मधोमध उभं राहून हात पुढे, मागे आणि बाजूला नेऊन बघायचं. कुठे काय लागतं ते लिहायचं. मग एक पाय पुढे, एक मागे. मग वर बघायचं, कारण पंखा मुलांच्या लक्षात येत नाही. कॉटवर उभं राहून हात वर करणारं मूल थेट फिरत्या पात्यांपर्यंत पोचतं, म्हणून कॉटवर काहीही करायचं नाही ही एक ओळ मी प्रत्येक पानावर ठेवते. दार कुठपर्यंत उघडतं, चार्जरची वायर कुठून जाते, टेबलाचा कोपरा आपल्या शरीरावर कुठे येतो, हे मूलच लिहितं. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पाय सटकतो, तेव्हा पाय अनवाणी आणि फरशी कोरडी. या भागाला दहा मिनिटं लागतात, आणि मुलं तो फार मन लावून करतात. घरातल्या घरात आपल्या मालकीचा एक चौकोन त्यांनी मोजून काढलेला असतो, म्हणूनही असेल.

अरुंद पट्टी मिळाली की हालचालीही बदलाव्या लागतात. चार पावलं रुंदीत बाजूला हात मारणं जमत नाही, पण लांबीच्या दिशेने तोंड करून उभं राहिलं तर हात पुढे-मागे मोकळे फिरतात, एक पाय मागे टाकून गुडघा वाकवता येतो, बैठका काढता येतात. म्हणून माझ्या वर्कशीटमधल्या सगळ्या हालचाली पुढे-मागे किंवा वर-खाली अशाच असतात. बाजूला जाणारी एकही नाही. ज्याच्याकडे मोठी खोली आहे त्याचं यात काही बिघडत नाही. ज्याच्याकडे पट्टीच आहे त्याला मात्र कुठल्याही ओळीपुढे ‘जमलं नाही’ लिहावं लागत नाही.

मोजमापात न दिसणारी आणखी एक हद्द असते. ती फरशीच्या खाली असते.

एका मुलाने उड्यांच्या ओळीपुढे लिहिलं होतं, ‘खालचे काका रात्रपाळी करतात. दिवसा झोपतात.’ तळमजला सोडून वरच्या कुठल्याही मजल्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या काही पट जोर फरशीवर पडतो. तो धक्का स्लॅबमधून तसाच खाली उतरतो आणि खालच्या घरात छतातून ‘धप्’ ऐकू येतो. मुलं चादर किंवा पातळ मॅट अंथरून बघतात. त्याने पावलाचा वरचा ‘टप्’ असा आवाज कमी होतो, पण खोल धपका जात नाही. तो कमी आवर्तनाचा असतो आणि पातळ कापडाला दाद देत नाही. आपल्याला वाटतं आता आवाज बंद झाला, कारण आपल्या खोलीत तो ऐकू येत नाही. खाली तो पोचतोच. घरातली माणसंही सारखी ‘हळू, हळू’ म्हणत राहतात आणि मुलाच्या अंगात एक संकोच बसतो. उडी मारायला सांगितलेलं मूल अर्धी उडी मारतं, टाच आपटू नये म्हणून गुडघे ताठ करतं, आणि तसं उतरणं गुडघ्यांना वाईट. तेव्हा घरच्या वर्कशीटमध्ये उडी नकोच, असं मी ठरवलं. दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतील असं काहीही नाही.

उडी नाही, धावणं नाही, चेंडू नाही, तर उरतं काय? मला त्यातून सापडलेली आणि सगळ्यात जास्त दिवस टिकलेली कृती नाडीची. तीच जरा नीट सांगते, कारण वरवर सोपी वाटणारी ही कृती कागदावर उतरवताना चार ठिकाणी फसते.

करायचं एवढंच आहे. स्वस्थ बसून पाच मिनिटांनी नाडी मोजायची. मग दोन मिनिटं जागच्या जागी चालायचं, दर वेळी गुडघा कमरेइतका वर आणून, आणि पाऊल टेकवताना आधी चवडा, मग टाच, आवाज न करता. थांबल्याबरोबर पुन्हा नाडी मोजायची. मग एका मिनिटाने आणि दोन मिनिटांनी परत. चार आकडे. चालताना फक्त उजवा गुडघा किती वेळा वर आला ते मोजायचं; दोन्ही मोजायला गेलं की मुलं शंभराच्या आसपास चुकतात. टाच न आपटता, गुडघा पूर्ण उचलून दोन मिनिटं चाललं की चांगली धाप लागते. किती लागली ते तपासायला एक ओळ आहे: बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, अशी अवस्था आली की व्यायाम मध्यम जोराचा झाला. चार शब्दांतच श्वास घ्यायला थांबावं लागलं तर जोराचा. तेवढा आला की पुरे. ताप येऊन गेलेला असेल, दमा असेल, हृदयाचं काही असेल तर घरच्यांना विचारल्याशिवाय करायचं नाही, आणि चक्कर आली की लगेच बसायचं, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

पहिली फसगत बोटांची. मुलं अंगठ्याने नाडी बघतात, आणि अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. मग कुणाचा कुणात मिसळतो ते कळत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, दुसऱ्या हाताच्या मनगटावर, अंगठ्याच्या मुळाखाली जो खोलगट भाग लागतो तिथे. जोरात दाबलं की ठोका नाहीसा होतो, फार हलकं ठेवलं की लागत नाही. ज्यांना तिथे सापडतच नाही त्यांनी तळहात छातीवर डाव्या बाजूला ठेवावा. मानेवरची नाडी मी मुलांना मोजायला सांगत नाही. ती सापडते पटकन, पण मुलं उत्साहाने दोन्ही बाजू एकदम दाबतात.

दुसरी फसगत वेळेची, आणि ती कळायला मला मुलांचे आकडे शेजारी शेजारी मांडून बसावं लागलं. एका मुलीचे बसलेले ठोके पंधरा सेकंदांत २२ होते आणि चालून झाल्यावर २५. म्हणजे मिनिटाला ८८ वरून १००. उजवा गुडघा मात्र तिने ९८ वेळा उचलला होता आणि पुढे लिहिलं होतं, ‘खूप दम लागला’. दम लागला असेल तर ठोके एवढेच कसे वाढले? तिला विचारलं तेव्हा म्हणाली, “बाई, थांबल्यावर नाडी सापडतच नव्हती. शोधेपर्यंत बराच वेळ गेला.” व्यायाम थांबला की मुलांचे ठोके पहिल्या मिनिटातच भराभर खाली येतात. नाडी शोधण्यात अर्धं-पाऊण मिनिट गेलं की मोजायचं होतं तेच निघून गेलेलं असतं. त्यावरचा उपाय पेनाच्या एका ठिपक्याचा. चालायला सुरुवात करायच्या आधी नाडी शोधायची आणि जिथे ठोका सगळ्यात स्पष्ट लागतो तिथे मनगटावर ठिपका काढायचा. थांबलं की बोटं थेट ठिपक्यावर. त्याच मुलीने दुसऱ्या दिवशी ठिपका काढून मोजलं: २२ आणि ३४. मिनिटाला ८८ आणि १३६. म्हणूनच पूर्ण मिनिटभर मोजायला सांगायचं नाही. त्या मिनिटात ठोके उतरत जातात आणि हाती येते ती सरासरी. पंधरा सेकंद बरे. फक्त पंधरा सेकंदांत एक ठोका चुकला की मिनिटाच्या हिशेबात चार चुकतात, आणि तो एक ठोका बहुतेक वेळा सुरुवातीलाच चुकतो. सेकंद सुरू होताना जो ठोका पडला त्याला मुलं ‘एक’ म्हणतात. त्याला ‘शून्य’ म्हणायचं, पुढच्याला एक.

आता हे पंधरा सेकंद मोजायचे कशावर? इथे मला घरांची खरी ओळख झाली. फोन एकच, आणि तो ज्याचा क्लास चालू आहे त्याच्या हातात. भिंतीवरच्या घड्याळाला काही घरांत सेकंदकाटा असतो, काही घरांत घड्याळच नसतं. एका मुलाने तर लिहिलं होतं की ताई फोनवरच्या क्लासमधून बाहेर पडेपर्यंत त्याचे ठोके ‘पुन्हा साधे झाले’. मग मी लंबक आणला. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला सान्तोरियो नावाच्या इटलीतल्या वैद्याने नाडी मोजायला दोरीला बांधलेला लंबकच वापरला होता, सेकंद दाखवणारी घड्याळं यायच्या कितीतरी आधी. लंबकाच्या एका झोक्याला किती वेळ लागतो हे दोरीच्या लांबीवर ठरतं. टोकाला किल्ली बांधली की कुलूप, याने फरक पडत नाही. दोरी साधारण एक मीटर असली की या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला बरोबर एक सेकंद लागतो. मीटर मोजायला टेप नको. वर्कशीटचा जो ए-फोर कागद असतो त्याची लांबी २९.७ सेंटिमीटर आणि रुंदी २१. तीन लांब्या आणि घडी घालून अर्धी रुंदी, एकूण ९९.६. एक सेकंदाच्या लंबकाला हव्या असलेल्या लांबीच्या इतकं जवळ की पंधरा सेकंदांत फरक कळणारसुद्धा नाही. दोरी वरच्या गाठीपासून किल्ल्यांच्या जुडग्याच्या मध्यापर्यंत मोजायची, टोकापर्यंत नाही. झोका लहान द्यायचा, तळहाताच्या रुंदीएवढा. मोठा झोका किंचित हळू चालतो. जड जुडगा असला की मिनिटभर तरी सहज हलत राहतो. कपडे वाळत घालायच्या दांडीला, पडद्याच्या नळीला, कुठेही बांधा, फक्त बांधलेली जागा हलता कामा नये. आणि घरी ए-फोर नसेल, वहीचाच कागद असेल, तर पट्टीने सेंटिमीटर मोजून घेतले तरी चालतं.

यात एक अडचण उरतेच. एकट्याने लंबकाचे झोके आणि नाडीचे ठोके एकाच वेळी मोजता येत नाहीत. दोन्ही आकडे डोक्यात एकमेकांवर चढतात. दुसरं माणूस लागतं. नकाशावाल्या मुलीकडे ते माणूस कॉटवर होतं. आजीने पडल्या पडल्या किल्ल्यांवर नजर ठेवून झोके मोजले आणि पंधरा झाले की ‘थांब’ म्हणाली. पुढच्या पानावर मुलीने आजीची नाडीही घेतली होती आणि तिच्यासाठी वेगळा रकाना आखला होता. आजी चालली नाही, ती फक्त बसून राहिली, त्यामुळे तिचे चारही आकडे जवळपास सारखे. विज्ञानाच्या तासाला ज्याला तुलनेचा गट म्हणतात तो तिने न सांगता तयार केला होता. माझ्या हे लक्षात आलं तेव्हा मी ते पान आमच्या विज्ञानाच्या सरांना दाखवलं. तेही बराच वेळ बघत राहिले.

तिसरी फसगत आकड्यांची, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. काही पानांवर सगळं फार छान असतं. बसलेले ८०, चालल्यावर १२०, मग १००, मग ९०. पंधरा सेकंदांचे ठोके चारने गुणून जो आकडा येतो तो चारने भागला गेलाच पाहिजे. ९० कसा येईल? साडेबावीस ठोके कुणाला लागत नाहीत. अशा पानावर लाल शेरा मारण्यात मला काही मिळत नाही. ज्या घरात लंबक टांगायला जागा नाही, ठोके मोजायला शांतता नाही, आणि संध्याकाळपर्यंत फोटो पाठवायचा आहे, तिथे मूल दुसरं काय करणार? आकडा मागितला, त्याने दिला. चूक असलीच तर ती आकडा मागण्याच्या पद्धतीत आहे. म्हणून मी मिनिटाचा आकडा मागणं बंद केलं. पंधरा सेकंदांत मोजलेले कच्चे ठोके लिहायचे, गुणाकार मी करीन. आणि शेवटी एक रकाना वाढवला: ‘मोजता आलं नाही. कारण.’ हा रकाना भरलेल्या पानाला आकडे भरलेल्या पानाइतकेच गुण. हे वरच्या ओळीत ठळक लिहिलं. त्यानंतर गोल आकडे कमी झाले आणि कारणं यायला लागली. बाळ रडत होतं. पाहुणे होते. लाईट गेली आणि लंबक दिसेना. अशी कारणं वाचूनच मी पुढचं पान बदलत गेले.

चौथी गोष्ट तुलनेची. एका मुलाने विचारलं, “बाई, माझे ९६ आले आणि तिचे ७६. मी नापास का?” या वयात जागेपणी, स्वस्थ बसलेलं असताना मिनिटाला साधारण ७५ ते ११५ ठोके असू शकतात, आणि त्यात उकाडा, ताप, नुकतंच झालेलं जेवण, भावाशी झालेलं भांडण, सगळं मिसळलेलं असतं. दोन मुलांचे आकडे शेजारी ठेवून काही कळत नाही. बघायचं ते एवढंच की आपलेच ठोके चढले किती आणि उतरले किती लवकर. त्याच मुलाचे आणखी दोन आठवड्यांनंतरचे आकडे मी त्याला लिहून दिले: बसून २१, चालल्यावर ३३, एका मिनिटाने २६, दोन मिनिटांनी २३. चारने गुणले की ८४, १३२, १०४, ९२. पहिल्या मिनिटात ठोके अठ्ठावीसने खाली आले, दुसऱ्या मिनिटात फक्त बाराने. त्याला वाटत होतं की दर मिनिटाला सारखेच उतरतात. त्याने त्या चार आकड्यांची रेघ काढली, ती आधी वर चढली, मग आधी जोरात आणि नंतर हळूहळू खाली आली. ‘घसरगुंडीसारखी’ असं त्याने बाजूला लिहिलं होतं.

व्हिडिओ मागायचा आग्रह मला झाला. व्हिडिओ असला की मूल खरंच करतंय का ते कळतं, असं सांगतात. कळतं, पण त्याबरोबर घरही दिसतं. मागे वाळत घातलेले कपडे, झोपलेली आजी, बनियनवर बसलेले बाबा, भिंतीचा ओला डाग. एका मुलीने व्हिडिओ पाठवला तेव्हा कॅमेरा इतका वर धरला होता की फक्त तिचं डोकं आणि छत दिसत होतं. गुडघा किती वर येतो ते मला बघायचं होतं. तिला खोली दाखवायची नव्हती. मी पुन्हा कुणाकडे व्हिडिओ मागितला नाही. मनगटावरच्या ठिपक्याचा फोटो मात्र मागते, हवा असेल तर. त्यात मनगट आणि पेनाचा निळा ठिपका, बाकी काही येत नाही.

छापील वर्कशीटचाही नाद सोडला. घरी प्रिंटर नसतो आणि बाहेर जाऊन छापून आणणं सगळ्यांना जमत नाही. आता पान असं असतं की मूल फोनवर एकदा वाचून वहीत उतरवू शकेल: चार ओळी, तीन रकाने, सूचना तोंडी सांगता येतील एवढ्याच. एकदा उतरवलं की फोन ताईला किंवा दादाला परत. पेन्सिलीने लिहिलेलं कमी उजेडातल्या फोटोत दिसत नाही, म्हणून पेनाने. सुंदर चौकटी, रंगीत चित्रं, कोपऱ्यात हसरा चेहरा, हे सगळं छापील पानावर चांगलं दिसतं, पण वहीत उतरवताना मुलाचा अर्धा तास त्यातच जातो आणि चालायचं राहून जातं.

हे सगळं मांडल्यावरही या कृतीला एक मर्यादा आहे, आणि ती मला लपवायची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटं मध्यम ते जोराचा व्यायाम सांगितला आहे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा. दोन मिनिटं चालून नाडी मोजण्याने साठ मिनिटं भरत नाहीत. दिवसात तुकड्यातुकड्यांनी पाच-सहा वेळा केलं, त्यात बैठका आणि भिंतीला हात टेकून काढलेले दंड घातले, तर स्नायूंना काम मिळतं, हृदयालाही. हाडांचं तसं नाही. वाढत्या वयातली हाडं धक्क्यावर वाढतात: उडी मारून उतरणं, अचानक थांबणं, दिशा बदलणं. खालच्या काकांची झोप मोडू नये म्हणून आपण जे काढून टाकलं तेच हाडांना हवं असतं. चवड्यांवर आवाज न करता चालण्याने त्याची भरपाई होत नाही. चेंडूचंही तसंच. लांबून येणारी वस्तू डोळ्यांनी धरायची, तिच्या वेगाचा अंदाज घ्यायचा आणि हात वेळेवर तिथे न्यायचा, याला अंतर लागतं. आठ पावलांत ते अंतर नाही. मोज्याचा चेंडू करून तो एका हातातून दुसऱ्या हातात टाकता येतो, पण ती झेलण्याची फार लांबची बहीण.

म्हणून नाडीच्या पानाखाली मी पालकांसाठी एक ओळ लिहिते, आणि ती दर वेळी तीच असते. दिवसातून एकदा, जिथे खाली कुणी राहत नाही अशा कुठल्याही जागी, इमारतीच्या दारात, पार्किंगमध्ये, गच्चीवर नाही कारण तिच्याखालीही घर असतं, मुलाला दहा मिनिटं उड्या मारू द्या. मोजू नका, लिहू नका, फोटो पाठवू नका. आणि वर्ग पुन्हा भरतील तेव्हाचा पहिला तास मी शाळा बंद असतानाच ठरवून ठेवला होता. नाडी नाही, रांग नाही. मैदान आखून झालं की सगळ्यांनी फक्कीच्या रेघेपासून जेवढी जमेल तेवढी लांब उडी मारायची, आणि टाचा हव्या तेवढ्या आपटायच्या.